इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर उतरली तर: थरथर, घाम, भ्रम आणि त्यानंतरचे दोन दिवस

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत आणि फोनवर गेली अनेक वर्षं जे प्रश्न येतात तेच इथे घेतले आहेत. विचारणारे बहुतेक शेतकरी कुटुंबांतले. घरात कोणीतरी रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई घेतं, गावात फ्रीज आणि ग्लुकोमीटर प्रत्येक घरी असतोच असं नाही, आणि दवाखाना बारा-पंधरा किलोमीटरवर. उत्तरं त्या हिशोबाने दिली आहेत. मोठ्या माणसांपुरतीच आहेत; लहान मुलांचं प्रमाण वेगळं असतं.

साखर उतरली हे ओळखायचं कसं? आमच्याकडे तर घेरी आली की सगळे ‘बीपी झालं’ म्हणतात.

आधी शरीर ओरडतं, मग मेंदू गप्प होतो. हा क्रम लक्षात ठेवला तर ओळखणं सोपं जातं.

रक्तातली साखर ७० च्या खाली आली की शरीर घाबरतं आणि अॅड्रेनॅलिन सोडतं. त्याने हात लटलट कापतात, छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो, पोटात आग पडल्यासारखी भूक लागते, ओठांभोवती मुंग्या येतात. हा घाम उन्हाचा नसतो. डिसेंबरच्या गार वाऱ्यात, सावलीत बसलेल्या माणसाचा सदरा पाठीला चिकटला असेल तर तिथेच शंका घ्यायची.

साखर आणखी उतरून ५४ च्या खाली गेली की मेंदूला इंधन पुरेनासं होतं. मग माणूस अडखळत बोलतो, तोच प्रश्न तीनदा विचारतो, पैसे मोजताना चुकतो, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसतं, उगाच चिडतो किंवा उगाच हसतो. घरच्यांना वाटतं स्वभाव बिघडला. एका बाईंनी मला सांगितलेलं अजून आठवतं: “एरवी माह्याशी मोठ्यानं बोलत नाईत. त्या दिवशी शिवी दिली, तवाच मले समजलं का शुगर उतरली.” इतकं नेमकं निदान भल्या भल्या डॉक्टरला जमत नाही.

ग्लुकोमीटर नाही, किंवा पट्ट्या संपल्या. मग काय करायचं?

साखर द्यायची. इन्सुलिन घेणारा माणूस थरथरतोय आणि घामाघूम झालाय, एवढं पुरेसं आहे. समजा अंदाज चुकला आणि साखर मुळात २५० होती, तर चार चमचे साखरेने ती तासा-दोन तासांसाठी आणखी थोडी चढेल, त्याहून जास्त काही होणार नाही. उलट साखर ४० होती आणि आपण मीटर आणायला शेजारच्या गावात माणूस पाठवला, तर तो परत येईपर्यंत रुग्ण बेशुद्ध पडलेला असतो.

मीटर जवळ असेल तर जरूर तपासा, पण बोट धुऊन. गूळ फोडलेल्या किंवा केळं सोललेल्या हाताने तपासलं तर बोटावरचीच साखर मोजली जाते आणि ४५ च्या जागी १४० दिसतं. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा थेंब पट्टीला लावायचा.

साखर किती द्यायची आणि कशातून?

मोठ्या माणसाला साधारण १५ ते २० ग्रॅम. घरच्या मापाने सांगायचं तर चहाच्या चमच्याने तीन ते चार सपाट चमचे साखर, अर्धा ग्लास पाण्यात ढवळून. पुरी विरघळली नाही तरी चालेल, थांबू नका. ग्लुकोज पावडर असेल तर तेवढीच द्या. ती साखरेपेक्षाही लवकर चढते. टपरीवर असाल तर साध्या गोड कोल्ड्रिंकचा अर्धा-पाऊण ग्लास, म्हणजे १५० मिली, पुरतो. बाटलीवर ‘डाएट’ किंवा ‘झिरो’ लिहिलेलं घेऊ नका, त्यात साखर नसतेच. मध असेल तर एक मोठा चमचा.

गूळ चालतो का, हे हमखास विचारतात. चालतो. लिंबाएवढा खडा घ्या, पण तो फोडून पाण्यात कालवून दिला तर बरा. गोंधळलेल्या माणसाला कोरडा गूळ चावायला लावला तर तो तोंडात तसाच धरून बसतो. आणि ‘गूळ शुगरवाल्याला चालतो, साखर चालत नाही’ ही समजूत दोन्हीकडून चुकीची आहे. एरवी गुळानेही साखर वाढते, आणि या वेळी आपल्याला वाढायलाच हवी आहे.

बिस्कीट, पेढा किंवा दूध दिलं तर? गोडच आहे की.

गोड आहे, पण पोटात रेंगाळतं. पेढ्यात खवा, बिस्किटात मैदा आणि तूप, चॉकलेटमध्ये स्निग्धांश. स्निग्ध पदार्थ असला की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि साखर रक्तात पोचायला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढा वेळ आपल्याकडे नाही. दूध, बिस्कीट, भाकर हे सगळं दुसऱ्या टप्प्याचं खाणं आहे. पहिला मान साखरेच्या पाण्याचा.

डॉक्टरांनी सुईबरोबर गोळ्याही दिल्या आहेत. त्याने काही फरक पडतो?

दोन प्रकारच्या गोळ्यांनी पडतो. घरातलं पाकीट काढून नाव वाचून बघा.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साध्या साखरेवर भरवसा ठेवू नका. जेवणानंतर साखर एकदम चढू नये म्हणून या गोळ्या आतड्यात साखर फोडणारा रस अडवतात. आपली दाणेदार साखर आधी फुटावी लागते, मगच ती रक्तात जाते. गोळीने तीच वाट बंद केलेली असते. म्हणून अशा घरात ग्लुकोजची पावडरच हवी, कारण ग्लुकोज फोडावं लागत नाही. बरेचदा ही गोळी दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असते, त्यामुळे बारीक अक्षरातलं नावही वाचा. ग्लुकोज नसेल तर हाती आहे ती साखर किंवा मध द्या, पण दवाखान्याची तयारी सोबतच सुरू करा.

दुसरी गोळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड. ही शरीराकडून इन्सुलिन काढून घेते आणि तिचा अंमल दिवसभर राहतो. हिच्यासोबत साखर उतरली तर एकदा बरं वाटून पुन्हा तीन-चार तासांनी उतरू शकते. विशेषतः म्हातारी माणसं आणि मूत्रपिंड कमकुवत झालेले रुग्ण. त्यांना बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

ते पाणी ढकलून देतात, ‘मले काई नाई झालं’ म्हणतात. जबरदस्ती करायची का?

वाद घालू नका. त्या वेळी नकार देतोय तो माणूस नसून त्याचा उपाशी मेंदू आहे. सरळ बसवा, एकाच ओळखीच्या माणसाने बोलावं, बाकीच्यांनी मागे सरकावं. ‘औषध घे’ म्हणण्यापेक्षा ‘सरबत घे, मीपण घेते’ याने काम होतं.

मात्र आधी एक बघा: तो बसू शकतो का आणि सांगितल्यावर एक घोट गिळू शकतो का. घोट गिळला तर पुढचा द्या. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळत असेल, ठसका लागत असेल, हाकेला नीट ओ देत नसेल, तर तोंडाने देणं तिथेच थांबवा.

बेशुद्ध पडले तर? आमच्याकडे कांदा फोडून नाकाला लावतात.

कांदा नको, चप्पल नको, दात उघडायला चमचा नको, आणि तोंडात साखरेचं पाणी तर मुळीच नको. बेशुद्ध माणूस गिळत नाही. पाणी श्वासनळीत जातं आणि एका संकटाची दोन होतात. झटके येत असतील तर हातपाय दाबून धरू नका, डोक्याखाली मऊ काही सरकवा आणि आजूबाजूचा विळा, दगड बाजूला करा.

कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडा, तोंड थोडं खाली राहू द्या म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल. १०८ ला फोन लावा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: ‘इन्सुलिन घेणारा रुग्ण आहे, बेशुद्ध आहे.’ गाडीला उशीर लागणार असेल आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल, तर मिळेल त्या चारचाकीने कुशीवर झोपवूनच न्या. तिथे शिरेतून ग्लुकोज देतात. बरेच जण सलाइन चालू असतानाच डोळे उघडतात आणि ‘मी इथं कसा?’ विचारतात. त्यावर लगेच घरी निघू नका. इन्सुलिन अजून अंगात काम करत असतं.

ग्लुकागॉन नावाचं स्नायूत द्यायचं इंजेक्शन याच प्रसंगासाठी असतं, पण तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

पंधरा मिनिटांनी काय?

घड्याळ बघून पंधरा मिनिटं थांबा. मीटर असेल तर पुन्हा तपासा. ७० च्या वर गेली नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्या. मीटर नसेल तर थरथर थांबली का, बोलणं सुधारलं का ते बघा. नसेल तर दुसरा डोस. तीनदा देऊनही माणूस ताळ्यावर येत नसेल तर चौथ्याची वाट न बघता दवाखाना.

मधल्या वेळात अर्धा किलो साखर पाजायची घाई होते, ती टाळा. साखर रक्तात पोचायला तेवढी मिनिटं लागतातच, जास्त दिल्याने ती लवकर पोचत नाही. फक्त संध्याकाळी साखर ३५० दाखवते आणि मग घरात दुसरी धावपळ सुरू होते.

वावरात माणूस थरथरत पडला. शुगर, फवारणीची बाधा, ऊन की दारू? कसं ठरवायचं?

हा प्रश्न शहरातल्या पुस्तकांत सापडत नाही, आपल्याकडे मात्र खरा आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. त्या विषबाधेतही घाम असतो, थरथर असते, भ्रम असतो.

पण तिथे आणखी काही असतं: तोंडातून लाळ, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी, उलटी-जुलाब, छातीत घरघर, अंगावरच्या मांसाच्या बारीक उड्या आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक. साखर उतरल्यावर बाहुल्या बारीक होत नाहीत, लाळ गळत नाही. फवारणी करणारा माणूस इन्सुलिनवर असेल आणि ठरवता येत नसेल, तर शुद्धीत आणि गिळता येतं आहे तोवर साखर द्या, फवाऱ्याचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. साखरेने सुधारला तरी न्यायचंच.

उष्माघातात अंग हाताला चटका लागेल इतकं तापतं. साखर उतरलेल्याचं अंग उलट गार, चिकट लागतं.

दारूचं दुखणं वेगळं. वास आला की सगळे ‘पिऊन पडला’ म्हणून निघून जातात, आणि नेमकं तिथेच माणूस दगावतो. साखर उतरली की यकृत आपल्या साठ्यातून थोडी साखर सोडतं. दारू पोटात असली की यकृत ते काम नीट करत नाही. म्हणजे इन्सुलिन घेतलेला माणूस मोहाची पिऊन उपाशी झोपला तर साखर उतरायला सगळंच जुळून येतं. वास येतो म्हणून सोडून देऊ नका, वास येतो म्हणूनच तपासा.

आमच्या यांना नेहमी सकाळी अकरा-साडेअकरालाच होतं. त्याच वेळेला काऊन?

कारण इन्सुलिनला तुमच्या जेवणाची वेळ माहीत नसते. त्याची त्याची एक चाल असते.

आपल्याकडे सर्वात जास्त वापरलं जातं ते ३०/७० चं दुधट इन्सुलिन. यातला ३० टक्के भाग लवकर काम करणारा. अर्ध्या तासात सुरू होतो आणि दोन ते चार तासांनी भरात येतो. उरलेला ७० टक्के सावकाश, त्याचा भर साधारण चार तासांनंतर सुरू होतो. सकाळी साडेसातला सुई घेतली की अकराच्या सुमारास पहिला जोर ओसरायच्या आत दुसरा जोर चढायला लागतो. त्या वेळी पोटात न्याहारी असायला हवी आणि एकच्या आत जेवण.

एक खरी घडलेली गोष्ट सांगतो, ओळख पटेल असं वगळून. काका ५८ वर्षांचे, सकाळी २० युनिट, संध्याकाळी १४. रोजचा नेम साडेसातला सुई आणि आठला भाकर-भाजी. डिसेंबरातली वेचणी चालू होती आणि त्या दिवशी कापूस न्यायला गाडी येणार होती. त्यांनी सातलाच सुई घेतली, चहासोबत अर्धी पोळी खाल्ली आणि वावरात गेले. दहापासून कापसाची गठोडी उचलून धुऱ्यापर्यंत नेत होते. काम करणारा स्नायू रक्तातली साखर भराभर ओढतो, त्यात पोट रिकामं, त्यात अकराचा जोर.

सव्वाअकराला हात कापायला लागले. ते म्हणाले थंडी आहे. साडेअकराला वजनाच्या नोंदी चुकल्या, वेचणाऱ्या बायांवर ओरडले आणि धुऱ्यावर बसून राहिले. पुतण्याला वाटलं सकाळीच घेतली. काकूंनी मानेवर हात ठेवला तर घामाने गच्च. मजुरांच्या चहासाठी आणलेली साखर होती, तिचे चार चमचे पाण्यात ढवळून घोट-घोट पाजले. पंधरा मिनिटांनी कापणं कमी झालं, पण मुलाचं नाव विचारलं तर भावाचं सांगितलं. पुन्हा चार चमचे. बारा-सव्वाबाराला काकाच म्हणाले, “काऊन सगळे माह्याकडे पाहून रायले?” लगेच शिदोरी सोडून भाकर आणि वरण खायला घातलं.

यात चुका मोजायच्या तर अर्धी पोळी ही पहिली, आणि सव्वाअकराला ‘थंडी आहे’ म्हणणं दुसरी. इन्सुलिनचा डोस त्या दिवशी रोजचाच होता.

बरं वाटल्यावर लगेच कामाला लागायचं का?

नाही. साखरेचं पाणी तासभर टिकतं, इन्सुलिन त्याहून जास्त. म्हणून पुढचं जेवण तासाभरात नसेल तर लगेच टिकाऊ काही खा: भाकर, पोळी-भाजी, वरण-भात, निदान केळं आणि मूठभर फुटाणे. जेवणाची वेळ झालीच असेल तर सरळ जेवा.

मोटरसायकल, ट्रॅक्टर, कडबा कापायची मशीन, विहिरीवर वाकणं, झाडावर चढणं हे साखर सुधारल्यावरही पाऊण तास नको. बोलणं सुधारतं, पण मेंदूची चपळाई मागून येते. काका बंडीत बसून घरी आले, गाडी पुतण्याने आणली. त्या दिवशी डोकं दुखणं आणि अंग गळून जाणं साहजिक आहे.

संध्याकाळी साखर २४६ आली. मग जास्तीचं इन्सुलिन द्यायचं ना?

काकांच्या मुलानेही हेच विचारलं होतं. नाही द्यायचं. दोन वेळा पाजलेली साखर, वर जेवण आणि शरीराने घाबरून सोडलेली साठ्यातली साखर, हे सगळं त्या २४६ मध्ये आहे. ती आपोआप उतरते. तिच्यावर जास्तीचा डोस टाकला की मध्यरात्री पुन्हा तेच.

मग पुढची सुई घ्यायची की चुकवायची?

हा सर्वात जास्त चुकणारा भाग. घाबरून आठ-आठ दिवस सुई बंद करणारे मी पाहिले आहेत. टाइप १, म्हणजे बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होणारा मधुमेह असेल तर एक-दोन दिवसांच्या बंदनेच रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. इतरांची साखरही बघता बघता ४०० च्या पुढे जाते.

बरोबर क्रम असा: साखर सुधारली, जेवण झालं, की डॉक्टरांना फोन करून विचारा. पुढची सुई साधारण वेळेवर, जेवण समोर असताना घ्यायची असते, पण डोस तोच ठेवायचा की कमी करायचा ते त्यांनी ठरवायचं. कारण सापडलं नाही किंवा दुसऱ्यांदा झालं तर बहुधा १० ते २० टक्के कमी करतात. कोणता डोस कमी करायचा ते वेळेवरून कळतं. दुपारच्या जेवणाआधी साखर उतरली तर दोष सकाळच्या सुईचा, रात्री-पहाटे उतरली तर संध्याकाळच्या. म्हणूनच ‘परवा कधीतरी झालं होतं’ हे डॉक्टरच्या काहीच कामाचं नाही. वहीत पाच गोष्टी लिहा: वेळ, आकडा असेल तर आकडा, शेवटचं जेवण केव्हा आणि किती, कोणतं काम चालू होतं, सुई किती आणि कुठे टोचली.

काकांचा सकाळचा डोस वेचणी संपेपर्यंत २० चा १८ केला, त्या संध्याकाळचा १४ चा १२. सोबत क्रिएटिनिनची तपासणी लिहून दिली, कारण मूत्रपिंड मंदावलं की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं आणि वर्षानुवर्षं चाललेला डोसही एक दिवस जड होतो.

नवी बाटली सुरू केली आणि दोनच दिवसांत साखर उतरली. औषध खराब होतं का?

नवी चांगली होती, जुनी खराब होती. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या बाटलीतलं इन्सुलिन उन्हाने मरतं. साखर वाढते, डॉक्टर डोस वाढवतात. मग मेडिकलच्या फ्रीजमधली ताजी बाटली येते आणि तोच वाढवलेला डोस पहिल्यांदा खऱ्या ताकदीने लागतो. बाटली बदलताना ‘मागची उन्हात होती’ हे डॉक्टरांना सांगा. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, प्लास्टिकच्या डबीत बंद करून ठेवता येते.

पोटावरच्या गाठींचंही तसंच. एकाच जागी टोचून तिथे रबरासारखी गाठ होते, तिच्यातून इन्सुलिन अर्धवट शोषलं जातं. कोणी सांगितलं म्हणून एकदम ताज्या जागी पूर्ण डोस टोचला की साखर धाडकन उतरते. जागा बदला, पण सांगून, डोस ठरवून.

आणि सिरिंज. आपल्याकडची बाटली बहुधा एका मिलीत ४० युनिटची आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधली कार्ट्रिज १०० युनिटची. पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने ‘२०’ च्या रेघेपर्यंत ओढलं, तर ते अर्धा मिली होतं, म्हणजे २० च्या जागी ५० युनिट. हे घडलं असेल तर लक्षणांची वाट बघू नका. खायला घाला आणि दवाखान्यात जा, तिथे कित्येक तास नजर ठेवावी लागते.

रात्री झोपेत झालं तर कळणार कसं?

उशी घामाने ओली, भयानक स्वप्नं, झोपेत बडबड, सकाळी डोकं जड. शेजारी झोपणाऱ्यालाच आधी कळतं. दिवसभर निंदण, सोंगणी किंवा वेचणीचं जड काम झालं की रिकामे झालेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर भरून घेत राहतात, त्यामुळे दिवसा ठणठणीत असलेला माणूस रात्री दोन-तीनला उतरू शकतो. अशा दिवशी झोपण्याआधी तपासा, काही दिवस गजर लावून पहाटे तीनलाही. आकडा कमी दिसत असेल तर थोडं खाऊन झोपा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगा.

उपवास करायचा आहे.

सुई पूर्ण घ्यायची आणि पोट रिकामं ठेवायचं, हे जमणार नाही. एकादशी असो की नवरात्र, आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवा. उपवासाच्या दिवशी थरथर सुटली तर साखर घ्या, उपवास मोडला तरी.

पूर्वी थरथर यायची, आता काहीच न होता एकदम भ्रम होतो.

वारंवार साखर उतरली की शरीर ओरडणं सोडून देतं. एकदा उतरल्यावर पुढचा एक-दोन दिवस इशारा फिका पडतो. दर आठवड्याला उतरत असेल तर तो येतच नाही. बीपीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अॅटेनोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल, थरथर आणि धडधड झाकतात. घाम मात्र येतो, म्हणून घामावर लक्ष ठेवा. अशा रुग्णाची साखर डॉक्टर काही आठवडे मुद्दाम थोडी वरच ठेवतात. उतरणं थांबलं की इशारा बरेचदा परत येतो.

वावरात जाताना जवळ काय ठेवायचं?

ग्लुकोज पावडरीची किंवा साखरेची छोटी पुडी, दोन ठिकाणी: एक खिशात, एक शिदोरीच्या पिशवीत. पाण्याची बाटली. खिशात एक चिठ्ठी: ‘मी इन्सुलिन घेतो, भ्रमिष्टासारखा वागलो तर साखर पाजा’, खाली घरच्यांचा नंबर. सोबत काम करणाऱ्या निदान एकाला पुडी कोणत्या खिशात आहे ते ठाऊक हवं, कारण वेळ येते तेव्हा ज्याची पुडी त्याला ती आठवत नाही. पुडी प्लास्टिकच्या डबीत ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. बहुतेकांच्या खिशातून ती निघते तेव्हा घामाने ओली होऊन दगड झालेली असते, नाहीतर मुंग्यांनी संपवलेली.